चालणारा कोड घरी, बिघडलेला ग्रुपवर

भाची पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बॅचमधल्या सात-आठ जणांचा मिळून तिचा एक अभ्यासाचा ग्रुप आहे, पण तो जागा होतो सबमिशनच्या आदल्या रात्री. कुणीतरी `final_final.cpp` टाकतं, बाकीचे व्हेरिएबलची नावं बदलतात, प्रिंट काढतात आणि जर्नलला लावतात. याला तिच्या कॉलेजात ‘छापणं’ म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिला वाटायला लागलंय. म्हणून तिने ग्रुपसाठी एक मेसेज लिहिला आणि पाठवण्याआधी मामाला वाचायला दिला. मामा म्हणजे माझा नवरा. बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि कुठलाही प्रस्ताव आधी मोडून बघावा या मताचा आहे. मी स्वतः पूर्वी कॉलेजात याच विषयाची प्रॅक्टिकल्स घ्यायचे, त्यामुळे मला गप्प बसवलं नाही.

तिचा मेसेज असा होता :

“मंडळी, पुढच्या असाइनमेंटपासून एक करून बघू या. ग्रुपवर पूर्ण झालेली फाइल कुणी टाकायची नाही आणि कुणी मागायची नाही. अडलं तर बिनधास्त विचारायचं, पण विचारताना चार गोष्टी लिहायच्या : काय इनपुट दिलं, काय यायला हवं होतं, काय आलं, आणि तुला संशय कुठे आहे. एरर आली असेल तर तिचा फोटो नको, मजकूर पूर्ण पेस्ट कर. ज्याचं झालंय त्याने स्वतःची फाइल उघडायची नाही. अडलेल्याचा कोड अडलेल्याच्याच स्क्रीनवर बघायचा. कीबोर्ड अडलेल्याकडेच राहील.”

मामा : लिहिलंयस छान. सोमवारी सगळे अंगठे दाखवतील. गुरुवारी रात्री साडेअकराला एक जण “प्लीज टाका ना कुणीतरी” म्हणेल आणि दुसरा टाकेल. तुझ्या मेसेजचं आयुष्य चार दिवस.

भाची : त्या साडेअकराचंच काहीतरी करायचंय, म्हणून तर तुला दाखवलं.

मामा : आधी मला सांग, लपवताय काय? असाइनमेंट कुठली आहे?

भाची : पिनॅकल क्लब.

मामा हसला. २०१९ च्या पॅटर्नमध्ये पुण्यात दुसरं वर्ष काढलेल्या कुणालाही हे नाव सांगितलं की तो हसतो. डिपार्टमेंटचा एक क्लब आहे, त्याच्या सभासदांची यादी सिंगली लिंक्ड लिस्टमध्ये ठेवायची. पहिला नोड अध्यक्षाचा, शेवटचा सेक्रेटरीचा. सभासद घालायचे, काढायचे, अध्यक्ष किंवा सेक्रेटरीलासुद्धा काढता आलं पाहिजे, एकूण किती ते मोजायचं, यादी दाखवायची आणि दोन डिव्हिजनच्या दोन याद्या एकमेकींना जोडायच्या. याचं उत्तर सीनियर्सच्या पेनड्राइव्हमध्ये असतं, झेरॉक्सच्या दुकानात असतं, नेटवर तर ढिगाने असतं.

मामा : मग? गावभर मिळणारा कोड तुमच्या आठ जणांच्या ग्रुपवर नाही म्हणून काय फरक पडणार?

भाची : फरक असा की नेटवरून उचलणाऱ्याला मी थांबवू शकत नाही, पण रात्री साडेअकराला ग्रुपवर येणाऱ्याला खरं तर कुणाशी तरी बोलायचं असतं. त्याला फाइल मिळाली की बोलणं तिथेच संपतं. गेल्या वेळी मी माझा कोड टाकला होता. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीने विचारलं, “हा `while` काय करतो?” मला इतकं विचित्र वाटलं. तो तिच्या जर्नलमध्ये होता, सहीसकट.

मामा : आणि तरी सही मिळाली. म्हणजे सिस्टिमला फरक पडत नाही.

इथे मी मध्ये पडले. सही देणाऱ्याला कळत नाही असं नाही. वीस-बावीस जर्नलं समोर असली की कोड एकसारखा असण्याचं आश्चर्य वाटत नाही. लिंक्ड लिस्टमधून नोड काढायच्या सात-आठ ओळी प्रामाणिकपणे लिहिल्या तरी जवळपास सारख्याच दिसतात. कोडमधलं साम्य शोधणारं ‘मॉस’ नावाचं एक साधन आहे. अ‍ॅलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये ते तयार केलं. व्हेरिएबलची नावं बदलून ते फसत नाही, पण इतक्या छोट्या प्रोग्रॅमच्या बाबतीत त्याच्या निकालावरून कुणाला दोषी धरणं धोक्याचंच. ते फक्त साम्य दाखवतं, कोणी कोणाचं घेतलं ते सांगत नाही. माझी खूण वेगळी होती : एकसारखी चूक. बरोबर उत्तराला पोचायच्या वाटा थोड्याच असतात. पण सेक्रेटरी काढून नवा घातला की तो यादीतून गायब होणं, आणि तेसुद्धा पाच जणांच्या प्रोग्रॅममध्ये, हे योगायोगाने होत नाही.

भाची : मामी, हीच चूक! हीच आमच्या बॅचमध्ये फिरतेय.

तिने लॅपटॉप पुढे ओढला. ग्रुपमधल्या एकाने पाठवलेला कोड होता :

```cpp
void removeMember(int prn) {
    Node *p = head;
    while (p->next->prn != prn)
        p = p->next;
    Node *q = p->next;
    p->next = q->next;
    delete q;
}

void addSecretary(int prn, string name) {
    Node *n = new Node(prn, name);
    tail->next = n;
    tail = n;
}
```

मामा : यात मला एका नजरेत तीन गोष्टी दिसतात. थांब, सांगतो.

भाची : नको सांगूस. तू आत्ता जे करणार होतास तेच ग्रुपवर होतं. एका मिनिटात तीन ओळी येतात, तो पेस्ट करतो, प्रोग्रॅम चालतो आणि त्याला काय झालं होतं ते कुणालाच कळत नाही. माझ्या मेसेजप्रमाणे करून बघू. तो मुलगा तू.

मामा : बरं. (आवाज बारीक करून) “अगं, माझा सेक्रेटरी गायब होतोय.”

भाची : चार गोष्टी?

मामा : इनपुट : १ अध्यक्ष, २ साधा सभासद, ३ सेक्रेटरी. मग ३ काढला, ४ नवा सेक्रेटरी घातला. यायला हवं होतं १, २, ४. आलं १, २. एरर काहीच नाही. संशय `addSecretary` वर, कारण घालतानाच गायब होतो.

भाची : बघितलंस? नुसतं “चालत नाहीये” म्हणाला असतास तर मी सगळा कोड वाचत बसले असते. चार ओळी लिहिल्यामुळे निम्मं काम तूच केलंस. आता मी उत्तर देणार नाही. कागद घे. ३ काढल्यानंतर काय स्थिती आहे तेवढंच काढ. `head` कुठे, `tail` कुठे, २ चा `next` काय, आणि ३ चं खोकं आहे की पुसलं?

मामाने खरंच कागद घेतला. दोन चौकोन काढले, तिसरा काढून त्यावर फुली मारली. २ च्या `next` मध्ये `NULL` लिहिलं. `head` चा बाण १ कडे गेला. `tail` चा बाण काढायला पेन टेकवलं आणि तो थांबला.

मामा : `tail` अजून फुलीवरच आहे. त्याला कुणी हलवलंच नाही.

भाची : आणि आता `addSecretary` चालव.

मामा : `tail->next = n`, म्हणजे ४ चा पत्ता पुसलेल्या खोक्यात लिहिला. यादी १ पासून चालत येते, २ वर `NULL` मिळतो, तिथेच संपते. ४ आहे मेमरीत, पण त्याच्यापर्यंत पोचायची वाट नाही. मी दोष देत होतो `addSecretary` ला आणि चूक आहे `removeMember` मध्ये.

भाची : मी एक ओळ तरी सांगितली का?

सांगितली नव्हती. मदत करणाऱ्याला उत्तराची गरज पडते ती फक्त कुठल्या इनपुटवर बोट ठेवायचं हे कळण्यापुरती. अडलेल्या मुलाची चूक बहुतेक वेळा तो बघत असतो त्या फंक्शनमध्ये नसते. ती आधी कधीतरी झालेली असते आणि नंतर दिसते. तयार कोड हातात दिला की हा आधी-नंतरचा प्रवास पुसला जातो. मुलगा दोन फाइली शेजारी ठेवून फरक शोधतो, एक `if` जास्त दिसतो, तो उचलून लावतो.

मामा : ठीक. पण यात अजून दोन चुका आहेत. अध्यक्षाला काढलं तर काय? `p` पहिल्या नोडवर सुरू होतो आणि तपासतो मात्र पुढच्याला. पहिल्याकडे कुणी बघतच नाही. शेवटपर्यंत जाऊन `NULL` च्या आत डोकावतो आणि सेगमेंटेशन फॉल्ट. यादीत नसलेला नंबर दिला तरी तेच.

भाची : हो. पण त्या दोन चुका चांगल्या आहेत.

मामा : चांगल्या?

भाची : कारण त्या ओरडतात. प्रोग्रॅम कोसळतो, मुलगा घाबरतो, विचारतो. सेक्रेटरीची चूक गप्प बसते. ज्याने ३ काढून ४ घालून पाहिलंच नाही त्याला वाटतं आपलं झालं. म्हणून मला मेसेजमध्ये अजून एक घालायचंय : असाइनमेंट मिळाली की पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून इनपुटं लिहायची, आणि ती ग्रुपवर मोकळेपणाने टाकायची. एकच सभासद असताना त्याला काढा. अध्यक्षाला काढा. सेक्रेटरी काढून नवा घाला. नसलेला नंबर काढा. रिकाम्या यादीला दुसरी डिव्हिजन जोडा. प्रत्येकापुढे उत्तर काय यायला हवं ते लिहायचं. यात कोड एक अक्षर नाही.

मामा : हे मला पटलं. आमच्याकडे टेस्टर हेच करतात आणि त्यावरून त्यांची आमची भांडणंही होतात. फक्त एक जोड. ‘एकूण सभासद’ दाखवायला काही जण वेगळा काउंटर ठेवतात, काही जण यादी चालत जाऊन मोजतात. तुमच्या त्या इनपुटनंतर काउंटर ३ म्हणेल आणि यादीत दोनच दिसतील. दोन्ही शेजारी छापायला सांग. आकडे जुळले नाहीत की गप्प बसणारी चूकही बोलायला लागते.

भाची : घेते.

मामा : आणि लिनक्सवर असाल तर मशीनलाच विचारा ना. मित्राचीही गरज नाही.

```
g++ -g -fsanitize=address club.cpp -o club
./club
```

असं चालवलं की ४ घालताना प्रोग्रॅम थांबतो आणि `heap-use-after-free` असं सांगतो. खाली तीन याद्या येतात : ही मेमरी आत्ता कुठे वापरली, आधी कुठे सोडली, आणि मुळात कुठे घेतली होती. मधली यादी सरळ तुमच्या `delete q` च्या ओळीवर नेते. विंडोजवर मिनजीडब्ल्यू वापरत असाल तर बहुधा हे चालणार नाही, तेवढं लॅबमध्ये करा.

भाची : हे ग्रुपवर टाकायला हरकत नाही ना, तुझ्या मते? म्हणजे ही आज्ञा.

मामा : ही टाका. हिने चूक दाखवली, दुरुस्त नाही केली.

इथवर दोघांचं जमत आलं होतं. मग मामाने खरा आक्षेप काढला.

मामा : आता मला सांग, कागद काढून, इनपुट देऊन, सगळं करूनही एखाद्याला नाही कळलं तर? तू म्हणणार, “शेवटचा नोड काढला तर `tail` ला मागच्या नोडवर आण.” हा मराठीत लिहिलेला कोडच झाला. सेमिकोलन नाही म्हणून तो कोड नाही असं म्हणणं ही पळवाट आहे.

भाची : मान्य. म्हणून सूडोकोडही टाकायचा नाही असं लिहू का?

मामा : मग मदत करणार कशी? “विचार कर” म्हणून?

भाची : मी एक कसोटी लावते. माझं वाक्य ऐकून दोघांनी टाइप केलं आणि दोघांची ओळ एकच आली, तर मी कोड सांगितला. दोघांची वेगळी आली तर मी मदत केली. “शेवटचा नोड गेला की `tail` चं काय होतं?” याला दोन उत्तरं आहेत. कुणी `removeMember` मध्ये `tail` सरकवेल. कुणी म्हणेल `tail` ठेवायचाच कशाला, दर वेळी `head` पासून शेवटापर्यंत चालत जाऊ.

मामा : दुसरं हळू आहे.

भाची : क्लबात साठ माणसं असतात, मामा.

मामा : (हसून) खरंय. आणि तो उपाय चुकीचा मुळीच नाही. एक पॉइंटर कमी म्हणजे तो सांभाळायची जबाबदारी कमी. ऑफिसात मी कित्येकदा हेच सुचवतो.

भाची : आणि माझी फाइल मिळाली असती तर असा दुसरा रस्ता आहे हेच त्याला कळलं नसतं.

मामा : पण तुझी कसोटी अर्धवट आहे. ज्याला खरंच झेपत नाहीये त्याला तुझे प्रश्न छळ वाटतील. त्याला उदाहरण हवं असतं, पूर्ण, चालणारं. मी स्वतः दुसऱ्यांचे कोड वाचूनच शिकलो. आजही माझा अर्धा दिवस दुसऱ्याचा कोड वाचण्यात जातो. तुझा ग्रुप वाचनच बंद करतोय.

मला मामाचं हे म्हणणं रास्त वाटलं आणि भाचीकडे त्यावर लगेच उत्तर नव्हतं. उत्तर मी दिलं, कारण वर्गात मी तेच वापरायचे. पूर्ण उदाहरण द्यावं, पण शेजारच्या प्रश्नाचं. हाच आजार दुसऱ्या एका ठिकाणी हमखास होतो : लिंक्ड लिस्टवर केलेली रांग. पुढून काढत काढत शेवटचा माणूसही गेला की `front` होतो `NULL`, आणि `rear` पुसलेल्या नोडवर तसाच राहतो. पुढचा माणूस रांगेत घातला की तो हरवतो.

```cpp
void dequeue() {
    if (front == NULL) return;
    Node *q = front;
    front = front->next;
    if (front == NULL) rear = NULL;
    delete q;
}
```

हा कोड त्या मुलाला जसाच्या तसा द्यायला माझी हरकत नाही. त्यांच्या यादीत रांगेची असाइनमेंट आहे ती अ‍ॅरेवरची, त्यामुळे कुणाचं काही फुटत नाही. त्याने पाचवी ओळ का लिहिली आहे ते सांगायचं, ती नसती तर कुठलं इनपुट फुटलं असतं ते सांगायचं, मग क्लबाकडे परत जायचं. सरळ उचलून चालत नाही, कारण रांगेत पुढून काढतात आणि क्लबात कुठूनही. `NULL` च्या जागी काय यायला हवं ते त्याला स्वतःलाच शोधावं लागतं.

मामा : हे चाललं. पण वाचनाचा माझा मुद्दा तू टाळलास.

भाची : टाळत नाही. सही झाल्यावर उघडू या. सगळ्यांच्या जर्नलवर सही पडली की सगळ्यांनी आपापली फाइल टाकायची आणि एकत्र बसून फक्त `removeMember` वाचायचं. तोपर्यंत प्रत्येकाने स्वतः झगडलेलं असेल, म्हणून दुसऱ्याची ओळ दिसली की ती का आहे ते कळेल.

मामा : सही झाल्यावर कोण बसणार? त्या दिवशी सगळे सिनेमाला.

भाची : मी बसेन. दोघं आले तरी पुरे.

यावर मामा काही बोलला नाही. मला वाटतं तो हरला नव्हता, त्याचं समाधान झालं नव्हतं इतकंच. वाचून शिकणं आणि लिहून शिकणं यातलं आधी कुठलं, यावर आमच्या घरात यापूर्वीही एकमत झालेलं नाही.

मी त्यांना हार्वर्डच्या सीएस५० या कोर्सचा नियम सांगितला. तिथे आपला बिघडलेला कोड सहाध्यायाला दाखवून चूक शोधून घेणं चालतं. आपलं सबमिशन होण्याआधी त्याचं उत्तर बघायला मागणं चालत नाही. म्हणजे कोड बघायचा, पण एकाच दिशेने : ज्याचं झालंय त्याने अडलेल्याचा बघायचा, उलट नाही. भाचीने कोणाचंही न वाचता हेच लिहिलं होतं. बिघडलेला कोड कितीही फिरला तरी उचलण्यासारखं त्यात काही नसतं, आणि चालणारा एकदा फिरला की बाकीचं बोलणंच थांबतं.

अमेरिकेतल्या काही कोर्समध्ये आणखी एक गमतीदार नियम आहे, ‘गिलिगन्स आयलंड’ या साठच्या दशकातल्या विनोदी मालिकेच्या नावाचा. एकत्र बसून हवी तेवढी चर्चा करा, पण उठताना कागद, फळ्याचा फोटो, काहीही सोबत न्यायचं नाही. मग अर्धा तास डोक्याला ताप न देणारं काहीतरी बघा आणि त्यानंतर एकट्याने लिहा. अर्ध्या तासानंतर जे आठवतं ते आपल्याला समजलेलं असतं, बाकीचं नुसतं ऐकलेलं.

मामा : आपल्याकडे तसल्या मालिकांची वानवा नाही. हे घाल मेसेजमध्ये.

भाची : घालते, पण मालिकेशिवाय. “चर्चेनंतर अर्धा तास कीबोर्डला हात नाही.” मेसमध्ये जाऊन जेवून आलं की झाला अर्धा तास.

मामा : आता साडेअकरा. त्याचं काय? सगळं ऐकून घेतलं, तरी एकाचं झालेलं नाही, सकाळी नऊला प्रॅक्टिकल आहे. तू त्याला इनपुट देणार, कागद काढायला सांगणार? तो ग्रुप सोडून जाईल.

भाची : तेव्हा वीस मिनिटांचा कॉल. एकाने एकाशी, स्क्रीन शेअर करून, त्याचाच कोड. वीस मिनिटांत जितकं सुटेल तितकं. नाही सुटलं तर आहे तसं द्यायचं आणि फाइलीच्या वर लिहायचं : “अध्यक्ष काढल्यावर प्रोग्रॅम बंद पडतो, कारण सापडलं नाही.”

मामा : अशी फाइल दिली तर मार्क जातील.

मी म्हटलं, थोडे जातील. पण ओरलला मी अशा मुलाला पहिला प्रश्न त्याच ओळीवर विचारला असता आणि त्याला त्याबद्दल बोलता आलं असतं. पूर्ण चालणारा कोड घेऊन आलेल्या मुलाला “अध्यक्ष काढून दाखव” म्हटलं की तो चालवून दाखवतो. “ही ओळ खोडली तर काय होईल?” म्हटलं की त्याची नजर खिडकीबाहेर जाते. सगळे परीक्षक असं विचारतात असा माझा दावा नाही. काही जण फक्त प्रिंट बघतात आणि सही करतात, त्यांच्यापुढे भाचीच्या मेसेजचा फायदा शून्य आहे.

मामा : आणि त्या रात्री कुणी नियम मोडून फाइल टाकलीच तर? भांडण, ग्रुपमधून काढणं?

भाची : नाही गं बाई... म्हणजे, नाही रे. तसं केलं तर पुढच्या वेळी लपूनछपून देतील.

सीएस५० मध्ये २०१४ पासून यासाठीही एक कलम आहे. चुकीचं काही केलं आणि ७२ तासांच्या आत स्वतःहून सांगितलं, तर त्या कामाचे मार्क जाऊ शकतात, पण प्रकरण शिस्तभंगाच्या समितीपुढे नेलं जात नाही. भाचीच्या ग्रुपला मार्क द्यायचे नाहीत की समिती नाही. तिने फक्त मुदत उचलली आणि मेसेजमध्ये असं वाक्य घातलं : “रात्री घाईत फाइल घेतली असेल तर तीन दिवसांत ग्रुपवर सांगायचं आणि तेवढं एक फंक्शन कागदावर परत लिहून समजावून दाखवायचं. बाकी कुणी काही बोलणार नाही.” सोबत हेही की प्रत्येकाने फाइलीच्या डोक्यावर मदतीची नोंद ठेवायची, कुणाची आणि कशाची.

```cpp
// मदत: tail कुठे आहे हे कागदावर काढायला रोल नं. ३२ ने सांगितलं.
// इनपुटं: ग्रुपची यादी.
```

मामा : हे मला आवडलं. आमच्याकडे कोड तपासणाऱ्याचं नाव राहतंच. पण एक मला खटकतंय. यात सगळा भार तुझ्यावर. तुझं आधी होणार, मग तू सगळ्यांचे कागद काढत बसणार. दोन असाइनमेंटनंतर कंटाळशील आणि फाइल टाकून मोकळी होशील. मी झालो असतो.

भाची : म्हणून ज्याची चूक शेवटी सुटली तोच पुढच्याला मदत करेल, असं ठेवू. त्याला आत्ताच कळलेलं असतं की कुठे अडतं. मला ते आठवतही नाही, मी पहिल्यांदाच `tail` हलवला होता.

मामा : आणि आठपैकी लॅपटॉप किती जणांकडे?

ती थोडी थांबली.

भाची : सहा. दोघं लॅबमध्येच करतात. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये पहिला अर्धा तास तर मशीन आणि लॉगिनमध्येच जातो.

मामा : त्या दोघांना तुझा वीस मिनिटांचा कॉल, स्क्रीन शेअर, यातलं काहीच उपयोगाचं नाही. छापण्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच पडते, आणि ती आळसाने नाही.

यावर बराच वेळ बोलणं झालं. लॅपटॉपवाल्यांनी आळीपाळीने एक संध्याकाळ आपलं मशीन द्यायचं, हे भाचीने सुचवलं. मामा म्हणाला, ते पहिल्या आठवड्यापुरतं होईल. शेवटी ठरलं ते साधं होतं. त्या दोघांनी प्रॅक्टिकलच्या आधी `removeMember` वहीत लिहून आणायचं आणि ग्रुपच्या इनपुटांपैकी तीन त्यावर हाताने चालवून बघायची. वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायला परवानगी, कारण तो त्यांचा बिघडलेला कोड आहे, आणि बाकीच्यांनी त्यावर लाल पेनाने फक्त इनपुटचा नंबर लिहायचा : “तिसरं बघ.” मशीन मिळेल तेव्हा टाइप करायचंच काम उरेल.

मेसेजमधली ‘एररचा फोटो नको’ ही ओळ मग तिला बदलावी लागली. “फोटो फक्त वहीच्या पानाचा,” असं तिने लिहिलं, आणि ‘सूडोकोड’ या शब्दावर पुन्हा अडली. तो टाकायचा की नाही यावर मामाचं मत अजून ‘टाका’ असं आहे. तिने ते वाक्य तूर्त वगळून मेसेज पाठवला.